प्रज्ञा की प्रग्या: आधारमधलं नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करताना

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या काळे काकू सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. 62 पूर्ण झाल्यावर निवृत्त झाल्या, पेन्शन सुरू झाली, आणि मग कुणीतरी सांगितलं की तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नाही. जोडायला गेल्या तर होईना. पॅनवर PRADNYA KALE आणि 14/08/1961. आधारवर Pragya Kale आणि तारखेच्या जागी नुसतं जन्मवर्ष, 1963. नाव, तारीख आणि लिंग तिन्ही जुळल्याशिवाय पॅन जोडलं जात नाही, आणि इथे तिनातल्या दोन गोष्टी जुळत नव्हत्या.

नावातला घोळ इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सर्रास दिसतो. आपण 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' करतो म्हणून Pradnya, Dnyaneshwar असं लिहितो. इथल्या हिंदी उच्चारात तोच 'ग्य' होतो. पंधरा वर्षांपूर्वी शिबिरात नोंदणी झाली तेव्हा समोरच्या मुलाने कानाला ऐकू आलं ते टाइप केलं. आधारवरच्या देवनागरी ओळीत 'प्रज्ञा'च छापलं होतं, त्यामुळे काकूंचं इंग्रजी ओळीकडे कधी लक्षच गेलं नाही. पण पॅन, बँक, पीएफ सगळीकडे यंत्र जुळवतं ती इंग्रजी ओळच.

जन्मवर्षाचं कारण वेगळं आहे. नोंदणीच्या वेळी कागद दाखवला नाही तर माणूस सांगेल ती तारीख किंवा अंदाजे वय लिहून घेण्याची मुभा होती. काकूंनी कागद नेला नव्हता, कुणीतरी वय विचारलं, त्यांनी अंदाजाने सांगितलं, त्यातून 1963 आलं. ज्यांच्या आधारवर फक्त वर्ष आहे किंवा 1 जानेवारी आहे, त्यातल्या बऱ्याच जणांची कथा हीच असते. ती तारीख कधी तपासलेलीच नसते.

पुढे जे काही करायचं ते एका गोष्टीवर ठरतं, म्हणून ती आधी सांगते. नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. पत्त्याला अशी मर्यादा नाही. तेव्हा जन्मतारखेसाठी खिडकीवर जाण्याआधी घरी बसून ठरवायला हवं की आपल्या सगळ्या कागदांत धनी कागद कोणता. आधार हे कुठल्यातरी कागदाची नक्कल करतं. चुकीच्या कागदाची नक्कल झाली तर ती एकुलती एक संधी गेली.

अर्थात संधी मोजली जाते ती सुधारणा रेकॉर्डवर चढल्यावरच. अर्ज नामंजूर झाला तर संधी शिल्लक राहते, जातात ते पैसे आणि महिना. याआधी कधी काय बदललं आहे हे आठवत नसेल तर myaadhaar.uidai.gov.in वर ओटीपी टाकून सुधारणांचा इतिहास बघता येतो. बरेच लोक म्हणतात, आम्ही कधीच काही बदललं नाही, आणि इतिहासात जुनी एक नोंद निघते, मुलाने किंवा एखाद्या एजंटने केलेली. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नंबर जुना असेल तर तो आधी बदलून घ्या. त्यासाठी कागद लागत नाही.

काकूंच्या पहिल्या फेरीत मी बरोबर नव्हते. त्या एकट्याच एका केंद्रावर गेल्या, पॅन कार्ड दिलं, नाव आणि तारीख दोन्ही एकाच अर्जात भरून घेतली. पोचपावती मिळाली. तीन आठवड्यांनी मेसेज आला, अर्ज नामंजूर. त्यांना कळेचना. पॅनवर नावही आहे, तारीखही आहे, फोटोही आहे, मग अडलं कुठे?

अडलं ते इथे. आधारच्या यादीत प्रत्येक कागदापुढे तो कशाचा पुरावा धरला जातो ते दिलेलं असतं: ओळखीचा, पत्त्याचा, जन्मतारखेचा. कागदावर तारीख छापलेली आहे म्हणून तो तारखेचा पुरावा ठरत नाही. पॅन हे ओळखीच्या खात्यात बसतं, म्हणजे नावासाठी चालतं, तारखेसाठी नाही. मतदार ओळखपत्र आणि ड्रायव्हिंग लायसन्सचंही तसंच, नावाला चालतात, जन्मतारखेला नाहीत. रेशन कार्ड तारखेसाठी नेऊन तर काहीच उपयोग नाही. केंद्रावरच्या माणसाने अर्ज घेतला म्हणजे कागद मान्य झाला असंही नाही. तो फक्त स्कॅन करून वर पाठवतो, तपासणी मागे बसलेले लोक करतात. तारखेचा पुरावा चालला नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच अर्जात असल्यामुळे बिचारं नावही तसंच राहिलं.

जन्मतारखेसाठी चालणारे कागद मोजकेच आहेत. जन्म दाखला, पासपोर्ट, बोर्डाची किंवा विद्यापीठाची मार्कशीट (आपल्याकडे अंकसूची म्हणतात), सरकारी किंवा सरकारी उपक्रमाच्या नोकरीचं तारीख असलेलं फोटो ओळखपत्र, आणि निवृत्तांसाठी पेन्शनचं ओळखपत्र किंवा पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ. यादी अधूनमधून बदलते, म्हणून निघायच्या आधी आधार प्राधिकरणाच्या साइटवरची त्या दिवसाची यादी उघडून बघावी. शेजाऱ्याचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव प्रमाण मानू नये. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्म दाखल्याशिवाय दुसरा पर्याय नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती त्या दिवसापासून लागू झाली.

काकूंच्या कपाटातून दोन कागद निघाले. एक हायर सेकंडरीची अंकसूची, तीवर 14 ऑगस्ट 1961, पण नाव माहेरचं, प्रज्ञा जोशी, तेही फक्त देवनागरीत. दुसरा पीपीओ. त्यावर PRADNYA KALE, नवऱ्यासोबतचा फोटो, आणि तीच तारीख. अंकसूची यादीतली असली तरी ती एकटी नेली असती तर नाव जुळत नाही म्हणून अडकली असती. जोशींच्या मुलीची तारीख काळ्यांच्या सुनेला कशी लावायची, हा तपासणाऱ्याचा प्रश्न रास्तच आहे. पीपीओत नाव आणि तारीख एकाच पानावर, एकाच माणसाची. म्हणून धनी कागद पीपीओ ठरवला. नावासाठी पॅनही सोबत ठेवलं, पण खरं तर पीपीओच दोन्हीला पुरेसा होता.

ज्यांच्याकडे पेन्शन नाही, पासपोर्ट नाही आणि शाळाही चौथीनंतर सुटली, त्यांना जन्म दाखल्याकडेच जावं लागतं, आणि तिथे वेळ लागतो. इंदूरमध्ये जन्म झाला असेल तर नगर निगमात नोंद शोधायची. जुन्या नोंदींत बाळाचं नाव नसतं, 'मुलगी' आणि वडिलांचं नाव एवढंच असतं. तशी नोंद निघाली तर आधी तिच्यात नाव चढवून घ्यावं लागतं, कारण नाव नसलेला दाखला तुमचा आहे हे आधारवाल्यांना कसं कळणार? नोंदच नसेल तर निगमाकडून तसं लेखी घ्यायचं आणि उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदणीला प्रशासनाच्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023च्या दुरुस्तीआधी हे काम न्यायालयीन दंडाधिकाऱ्यांकडे होतं, आता जिल्हाधिकारी, एसडीएम किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी ते बघतात. त्यामुळे कोर्टाच्या आवारात वकील शोधत फिरायची गरज उरलेली नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. दाखला काढताना 'आधारवर जी तारीख आहे तीच टाका' असं कुणी सुचवेल. ऐकू नका. ज्या कागदावर तुमची नोकरी, शाळा किंवा पेन्शन उभी आहे त्याच्याशी दाखला जुळला पाहिजे. आधारवरची तारीख जन्माचा पुरावा नाही, हे प्राधिकरणाने स्वतः डिसेंबर 2023 मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. पुढच्याच महिन्यात पीएफ कार्यालयाने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. मूळ कागद सोडून आधारला मूळ मानून बाकीचं बदलत गेलात तर उलट दिशेने चालाल.

मार्कशीटवरच तारीख चुकली असेल तरी हाच नियम. आमच्या ओळखीच्या एका मुलाची जन्म दाखल्यावर मार्चची तारीख, अंकसूचीवर 1 जुलै. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्ग सुरू व्हायचा दिवस लिहून टाकला होता. त्याने घाईघाईने अंकसूची दाखवून आधार 1 जुलै करून घेतलं. नंतर पासपोर्टच्या वेळी दाखला पुढे आला, आता आधार पुन्हा मार्चवर न्यायचंय आणि संधी संपलेली. आधी बोर्डाकडे जाऊन अंकसूची दाखल्याप्रमाणे करून घेतली असती आणि मग आधारला हात लावला असता, तर एका फेरीत झालं असतं.

मर्यादा संपली म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नाही, पण वाट लांबची आहे. केंद्रावर कागदांसह अर्ज करायचा. तो 'मर्यादा ओलांडली' या कारणाने नामंजूर होतो. मग त्या अर्जाचा क्रमांक घेऊन 1947 वर फोन करायचा किंवा help@uidai.gov.in वर लिहायचं, पोचपावती, कागद आणि चूक कशी झाली याचं साधं कारण जोडायचं, आणि अपवाद म्हणून विचार करा अशी विनंती करायची. निर्णय प्रादेशिक कार्यालय घेतं. मध्य प्रदेश दिल्लीच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो, बडोद्याच्या मंडळींचं गुजरात मुंबईच्या. त्या मुलाची फाइल याच वाटेने गेली आहे.

आता नावाबद्दल, कारण बायकांच्या बाबतीत आपल्याकडे हा प्रश्न नुसत्या स्पेलिंगचा राहत नाही.

आधार नावातले बदल साधारण दोन तऱ्हेने बघतं. स्पेलिंग, नावांचा क्रम, आद्याक्षरांचं पूर्ण नाव करणं, लग्नानंतरचं आडनाव, हे किरकोळ बदल. त्यांना हव्या त्या स्पेलिंगचं, फोटो असलेलं एक मान्य ओळखपत्र पुरतं. लग्नानंतरच्या आडनावाला विवाह प्रमाणपत्रही सोबत ठेवावं. पण नावच वेगळं असेल तर तो पूर्ण बदल. आपल्याकडे सासरी तांदळात नाव लिहून सून नवी केली जायची. माहेरची कुसुम जोशी, सासरची सुलभा देशपांडे. सत्तरीच्या कितीतरी आज्यांची शाळेची कागदपत्रं कुसुमची आणि आधार सुलभाचं. हा बदल स्पेलिंगमध्ये बसत नाही. त्याला राजपत्रातली सूचना आणि जुन्या नावाचं फोटो ओळखपत्र लागतं. राजपत्रासाठी शपथपत्र करायचं, वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची आणि भोपाळच्या शासकीय मुद्रणालयाकडे किंवा केंद्राच्या राजपत्रासाठी दिल्लीला अर्ज करायचा. काही महिने धरून चाला. म्हणून आजींच्या बाबतीत आधी विचार करा की खरंच बदलायची गरज आहे का. पेन्शन, बँक, पॅन सगळं सुलभाच्या नावाने चालत असेल आणि फक्त साठ वर्षांपूर्वीची शाळेची कागदपत्रं कुसुमची असतील, तर आधारला हात न लावणंच शहाणपणाचं.

नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आधारच्या नावात असलंच पाहिजे असंही नाही. आपल्याला तिहेरी नावाची सवय, म्हणून लोक 'प्रज्ञा सुधीर काळे' करून घ्यायला नावाची एक संधी खर्च करतात. पत्त्याच्या आधी जे C/O छापलेलं असतं ते पत्त्याचा भाग आहे. तिथलं नाव चुकलं तर पत्त्याची सुधारणा करायची, नावाच्या दोन संधी शाबूत राहतात. पॅनवर तिहेरी नाव असेल तरच आधारवर तिहेरी करण्यात अर्थ आहे.

आणि 'सौ.', 'श्री.', 'डॉ.' फॉर्मवर अजिबात लिहू नका. माझ्या आत्याने सवयीने 'सौ. मंगला' लिहिलं आणि आधार आलं Sau Mangala नावाचं. सौ हे तिचं पहिलं नाव झालं. ते काढण्यात दोनातली एक संधी गेली.

कुठलंच ओळखपत्र हव्या त्या नावाचं नसेल तर प्राधिकरणाचा प्रमाणपत्राचा एक ठरलेला नमुना असतो, खासदार, आमदार, राजपत्रित अधिकारी अशांच्या सहीचा. कोण सही करू शकतं ते नमुन्यावरच छापलेलं असतं. तो दिलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. फोटोवर शिक्का आणि सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर अशी आली पाहिजे, खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही, आणि साध्या लेटरहेडवर लिहून आणलेलं पत्र परत येतं. नावापुरता हा मार्ग ठीक, जन्मतारखेसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

काकूंच्या दुसऱ्या फेरीला मी सोबत गेले. नाव आणि जन्मतारखेसाठी केंद्रावर स्वतःच जावं लागतं. appointments.uidai.gov.in वर वेळ घेतली. अठरा वर्षांवरच्यांचा फॉर्म 1, तो घरीच भरून नेला, इंग्रजीतलं नाव पीपीओवर जसं आहे तसं, मोठ्या अक्षरांत. मूळ कागद न्यावे लागतात, झेरॉक्स नाही. ते स्कॅन करून लगेच परत देतात. बोटांचे ठसे आणि फोटो घेतला तो ओळख पटवायला.

खरी काळजी त्यानंतरच्या दोन मिनिटांत घ्यायची असते. टाइप केलेली माहिती आपल्याकडे तोंड केलेल्या दुसऱ्या पडद्यावर दिसते. काकूंना मी आधीच सांगितलं होतं की चष्मा लावून एकेक अक्षर वाचायचं. इंग्रजीत PRADNYA बरोबर होतं, पण हिंदीच्या ओळीत यंत्राने आपोआप 'प्रदन्या' करून ठेवलं होतं. इंग्रजी टाइप केलं की हिंदी ओळ यंत्र स्वतः बनवतं, आणि Pradnya पाहून त्याला 'ज्ञ' कळत नाही. काकूंनी तिथेच थांबवलं, मुलाने हाताने 'प्रज्ञा' केलं. आडनावाचं 'काले' झालेलं 'काळे' करून घेतलं. बडोद्यात हीच ओळ गुजरातीत असते, तिथेही वाचून घ्यावी. ही ओळ वाचता येत नसेल तर वाचणारं कुणी सोबत न्या.

एका फेरीत नाव, तारीख दोन्ही बदललं तरी शुल्क एकच. 1 ऑक्टोबर 2025 पासून ते 75 रुपये आहे, ठसे किंवा फोटो नव्याने घ्यायचे असतील तर 125. पावती मिळते, तीवर रक्कम छापलेली असते. जास्त मागितले तर तीच पावती दाखवून 1947 वर तक्रार करता येते. पोचपावतीवरचा लांबलचक क्रमांक आणि खालची तारीख-वेळ दोन्ही जपून ठेवा, स्थिती बघायला दोन्ही लागतात. बहुतेक अर्ज महिन्याभरात निकाली निघतात, मुदत मात्र 90 दिवसांची धरतात.

काकूंचा अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांचा फोन: नवीन ई-आधार उतरवलंय, पण उघडत नाही. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. त्या जुन्या सवयीने PRAG1963 टाकत होत्या. मी म्हटलं, आता PRAD1961 टाका. उघडलं. त्याच संध्याकाळी पॅन जोडण्याचा अर्ज पुन्हा भरला, या वेळी नाव आणि तारीख दोन्ही जुळली. बँकेत आणि पेन्शनच्या खात्यात नवी प्रत द्यायची तेवढी अजून बाकी आहे, कारण आधार बदललं तरी तिथली जुनी नोंद आपोआप बदलत नाही.